उसनी शांतता

बाळ खांद्यावर गाढ झोपलेलं असतं. मान टाकलेली, मूठ सैल, तोंड किंचित उघडं. आई श्वास रोखून पाळण्यावर वाकते आणि बाळाची पाठ गादीला लागायच्या आत त्याचे डोळे टक्क उघडतात. मग भोकाड. यावर घरातल्या प्रत्येकाचं मत तयार असतं. आजी म्हणते, दुपटं गार लागलं असेल. काका म्हणतो, अंगावरची सवय लावलीत, आता भोगा. जपानच्या रिकेन या संशोधन संस्थेतल्या कुमी कुरोदा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मात्र मत न देता बाळांच्या छातीला ईसीजीचे इलेक्ट्रोड लावले आणि नेमका हाच क्षण मोजला.

त्यांचा अभ्यास 2022 साली प्रसिद्ध झाला. सात महिन्यांपर्यंतची 21 बाळं त्यात होती. रडणाऱ्या बाळाला चार प्रकारे शांत करून पाहिलं: घेऊन चालणं, घेऊन नुसतं बसणं, स्थिर पाळण्यात ठेवणं, आणि पुढेमागे हलणाऱ्या पाळण्यात ठेवणं. नुसतं घेऊन बसल्याने रडणं फारसं आटोक्यात आलं नाही. हलत्या पाळण्याने कमी झालं, चालण्याने सगळ्यांत चांगलं. पाच मिनिटं सलग, एकसारख्या चालीने चालल्यावर रडणारी सगळी बाळं गप्प झाली आणि जवळजवळ निम्मी झोपून गेली. पण झोपलेल्यांपैकी साधारण एक तृतीयांश बाळं खाली ठेवताच जागी झाली. हृदयाच्या ठोक्यांचा आलेख पाहिला तेव्हा आजीचा अंदाज चुकल्याचं दिसलं. ठोके वाढू लागतात ते पाठ गादीला टेकल्यावर नव्हे, तर बाळाचं अंग आईच्या अंगापासून सुटू लागतं तेव्हा. जी बाळं ठेवण्याआधी थोडी जास्त वेळ झोपलेली होती ती मात्र उठली नाहीत. म्हणून संशोधकांनी सुचवलेला क्रम असा: पाच मिनिटं चाला, बाळ झोपलं की तसंच घेऊन पाच ते आठ मिनिटं बसून राहा, मग ठेवा. (बसताना स्वतःच पेंगत असाल तर सोफ्यावर बसू नका. बाळाला कुशीत घेऊन सोफ्यावर झोप लागणं तान्ह्या बाळाच्या जिवाला खरोखर धोक्याचं आहे. अशा वेळी बाळ दुसऱ्या कुणाच्या हाती द्यावं.)

याच गटाने 2013 साली दाखवलं होतं की आई बसलेली असताना उठून चालू लागली की काही सेकंदांत बाळाचे ठोके कमी होतात, हातपाय झाडणं थांबतं. उंदराच्या पिल्लांतही तसंच. आईने मानेला धरून उचललं की पिल्लू अंग आक्रसून स्तब्ध होतं. म्हणजे सव्वा महिन्याचं बाळ कडेवर शांत होतं तेव्हा त्याला काही समजलेलं, पटलेलं नसतं. उचलणाऱ्याच्या अंगाची ऊब, स्पर्श आणि चालीची लय त्याच्या शरीरात थेट काम करत असते.

आईचं शरीर पिल्लाच्या शरीरात किती आतपर्यंत काम करतं, हे न्यूयॉर्कमधले डॉक्टर मायरन होफर यांनी 1970च्या दशकात उंदरांवर शोधलं. दोन आठवड्यांच्या पिल्लांना रात्रभर आईपासून वेगळं ठेवलं तर त्यांच्या हृदयाचे ठोके जवळजवळ 40 टक्क्यांनी उतरत. होफरना आधी वाटलं, हा विरहाचा धक्का असावा. पण मग त्यांनी आईचा एकेक भाग सुटा करून पाहिला. कृत्रिम ऊब दिली तर पिल्लांची हालचाल पूर्ववत व्हायची, ठोके मात्र खालीच राहायचे. पोटात दूध सोडलं की ठोके सुधारायचे. एकेक काम आईकडच्या एकेका गोष्टीच्या भरवशावर चालू होतं आणि आई जवळ असेपर्यंत ते कुणाच्या लक्षातच आलं नव्हतं. पिल्लाच्या दृष्टीने आई ही केवळ मायेची व्यक्ती नव्हती. त्याच्या शरीराचं बरंचसं नियंत्रण तिच्याकडे होतं.

मानसशास्त्रात या देवाणघेवाणीला को-रेग्युलेशन म्हणतात, मराठीत सहनियमन म्हणता येईल. दोन शरीरांनी मिळून एकाचा तोल सांभाळायचा. तान्ह्या बाळाकडे स्वतःची अशी साधनं फार थोडी असतात. मूठ तोंडात घालणं, चोखणं, आणि तीन-चार महिन्यांचं झाल्यावर नको असलेल्या गोष्टीवरून नजर वळवणं. एवढ्याने भागलं नाही की त्याला शांतता उसनी आणावी लागते, आणि ती ज्याच्या हातात ते असेल त्याच्याकडूनच येणार.

आता काकांच्या सवयीच्या मुद्द्याकडे वळू. आपल्याकडे पाळण्याशेजारी होणारा हा सगळ्यांत जुना वाद आहे.

निरोगी बाळाचं रडणं जन्मानंतर वाढत जातं, साधारण सहाव्या आठवड्यात टोकाला पोचतं आणि तिसऱ्या-चौथ्या महिन्यापर्यंत उतरतं. अमेरिकी बालरोगतज्ज्ञ टी. बेरी ब्रेझल्टन यांनी 1962 साली आयांकडून रोजच्या नोंदी ठेवून घेतल्या, तेव्हा सहा आठवड्यांची बाळं दिवसाला सरासरी पावणेतीन तास रडताना आढळली, आणि तेही बहुतेक संध्याकाळी. म्हणजे दिवेलागणीला सुरू होणाऱ्या रडण्याला दृष्ट लागलेली असायची गरज नाही. 1986 साली मॉन्ट्रियलमध्ये हन्झिकर आणि बार यांनी एका गटातल्या आयांना बाळाला रोज किमान तीन तास अंगावर घेऊन वावरायला सांगितलं. फक्त रडल्यावर घ्यायचं नव्हतं, ते शांत असतानाही घ्यायचं होतं. सहाव्या आठवड्यात त्या बाळांचं रडणं दुसऱ्या गटापेक्षा 43 टक्क्यांनी कमी होतं. मात्र याच बार यांनी पुढे ज्यांना आधीच कॉलिक झालेलं आहे अशा, तासन्‌तास रडणाऱ्या बाळांवर हाच उपाय करून पाहिला तेव्हा काही फरक पडला नाही. हे लक्षात ठेवण्यासारखं आहे. काही बाळं काही आठवडे कुणाच्याच हाताने शांत होत नाहीत आणि त्यात घेणाऱ्याचा काही दोष नसतो.

मग रडल्यावर लगेच उचलल्याने बाळ शेफारतं का? बाल्टिमोरमधल्या 26 घरांत वर्षभर जाऊन निरीक्षण केलेल्या मेरी एन्सवर्थ आणि सिल्व्हिया बेल यांनी 1972 साली उलट सांगितलं. सुरुवातीच्या महिन्यांत ज्यांच्या रडण्याला लवकर प्रतिसाद मिळाला ती बाळं वर्षाच्या अखेरीस कमी रडत होती. बालसंगोपनावरच्या पुस्तकांत हा निष्कर्ष वर्षानुवर्षं सांगितला गेला. पण 2000 साली नेदरलँड्समध्ये व्हॅन आयझेनडूर्न आणि हबर्ड यांनी तो नव्याने तपासला तेव्हा तसं आढळलं नाही. काही वेळा रडण्याकडे दुर्लक्ष झालेली बाळं पुढच्या आठवड्यांत उलट कमी वेळा रडली. त्यांनी यातून काढलेला अर्थ मला पटतो. किरकोळ कुरकुर आणि खरा आकांत या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कुरकुरीच्या वेळी क्षणभर थांबलं तर बाळ मूठ चोखून, कूस बदलून स्वतःच सावरण्याची शक्यता असते. आकांताच्या वेळी तशी शक्यता नसते. तिथे थांबण्याने ते काही शिकत नाही, नुसतं थकतं. तेव्हा आजी आणि काका दोघेही थोडेथोडे बरोबर आहेत. फरक ओळखायचा तो रडण्याच्या तारेवरून.

ज्या शरीराकडून शांतता उसनी घ्यायची त्याच्याकडेच ती नसली तर काय होतं, याचं उत्तर सॅन फ्रान्सिस्कोतल्या एका प्रयोगाने दिलं. सारा वॉटर्स, टेसा वेस्ट आणि वेंडी मेंडेस यांनी 2014 साली तो प्रसिद्ध केला. बारा ते चौदा महिन्यांची मुलं आणि त्यांच्या आया, दोघांच्याही अंगावर हृदयाची गती मोजणारे सेन्सर. आधी मुलाला वेगळ्या खोलीत ठेवून आईला परीक्षकांसमोर भाषण करायला लावलं. काही आयांसमोरचे परीक्षक हसतमुखाने माना डोलवत होते, काहींसमोरचे कपाळाला आठ्या घालून, हाताची घडी घालून बसले होते. मग आई मुलाकडे परतली. काय घडलं हे मुलाने पाहिलेलं नव्हतं. तरी काही मिनिटांतच मुलाच्या हृदयाची चाल आईच्या ताणाच्या मागोमाग जाऊ लागली, आणि आठ्या पाहून आलेल्या आयांची मुलं नंतर अनोळखी माणसापासून जास्त अंग चोरू लागली. पुढच्या एका प्रयोगात याच संशोधकांनी काही मुलांना आईच्या मांडीवर बसवलं, काहींना शेजारच्या उंच खुर्चीत. ताणात असलेल्या आईच्या मांडीवर बसलेल्या मुलांत हा ताण जास्त उतरला.

म्हणजे ज्या वाटेने शांतता जाते त्याच वाटेने अस्वस्थताही जाते. ‘मी तर काहीच बोलले नाही’ हे म्हणणं मुलापुरतं खोटं ठरतं, कारण बोलणं हा त्याच्यासाठी शेवटचा पुरावा असतो. आवळलेला जबडा, वर चढलेला श्वास, पाठीवर थोपटणाऱ्या हाताची घाई हे त्याला आधी कळतं. थोपटण्याचंच पाहा. बाळ झोपत नाही म्हणून वैतागलेल्या माणसाचं थोपटणं वेगात, तुटक आणि जरा जोरात होत जातं, आणि बाळ अधिकच ताठ होतं.

दीड-दोन वर्षांपासून पुढे मामला गुंतागुंतीचा होतो, कारण आता रडणाऱ्याला मागण्याही असतात. एक प्रसंग घेऊ. तो कुठल्याही घरात घडतो. ओवी अडीच वर्षांची आहे. संध्याकाळचे साडेसात, आई नुकतीच कामावरून आलेली, कुकरची शिट्टी होतेय. आईने पोळीचा तुकडा मोडून वरणात कुस्करला. ओवीला अख्खी पोळी हवी होती. ती म्हणते, ‘जोड!’ आई दुसरी पोळी पुढे करते. तिला तीच पोळी हवी आहे, जोडलेली. ताटली उडते, ओवी जमिनीवर लोळण घेते.

इथे पोळीवर चर्चा करण्यात अर्थ नसतो. ओवी दुपारी झोपलेली नाही, भूक वाजून गेली आहे, दिवसभर पाळणाघरात शहाण्यासारखी वागून आली आहे. पोळी ही शेवटची काडी. अशा आकांडतांडवाचा मिनिटामिनिटाने अभ्यास मायकेल पोटेगल आणि रिचर्ड डेव्हिडसन यांनी केला आणि 2003 साली छापला. दीड ते पाच वर्षांच्या तीनशेहून अधिक मुलांच्या पालकांनी एकेका आकांडतांडवाचं सविस्तर वर्णन त्यांना लिहून दिलं होतं. त्यात दोन भावना वेगवेगळ्या वागताना दिसल्या. राग, म्हणजे किंचाळणं, लाथा, फेकाफेक, झटकन चढतो, सुरुवातीलाच टोक गाठतो आणि ओसरतो. दुःख, म्हणजे हुंदके, रडणं, जवळ यायला बघणं, आरंभापासून शेवटपर्यंत खाली वाहत असतं आणि राग ओसरला की वर दिसू लागतं. बहुतेक आकांडतांडवं पाच मिनिटांत आटोपतात. बघणाऱ्याला ती अर्ध्या तासाची वाटतात, हा भाग वेगळा.

हे दोन प्रवाह ओळखता आले तर काय करायचं ते बरंचसं सुचतं. पहिल्या एक-दोन मिनिटांत, राग टोकाला असताना, ओवीला प्रश्न विचारणं सगळ्यांत निरुपयोगी. ‘काय हवंय तुला? ही घेतेस का? मग असं का करतेस?’ प्रत्येक प्रश्न तिला आणखी एक काम लावतो, आणि ते काम करणारा मेंदूचा पुढचा भाग या घडीला तिच्या हाताशी नाही. तो तसाही पूर्ण पक्व व्हायला पंचविशी उजाडते. कित्येकदा यावेळी जवळ घेणंही तिला सहन होत नाही, ती धनुष्यासारखी पाठ मोडते. तेव्हा आईने करायचं ते इतकंच: गॅस बंद करणं, ताटली आणि पाण्याचा पेला बाजूला सरकवणं, ओवीचं डोकं कुठे आपटणार नाही हे पाहणं आणि तिच्यापासून हातभर अंतरावर जमिनीवर बसणं. उभं राहून वरून बोलणाऱ्या माणसाचा आवाज आपोआप चढतो. बसल्यावर तो उतरतो. आईने स्वतःचा श्वास सोडताना लांबवायचा, आत घेतला त्याच्या दुप्पट वेळ. लांब निःश्वासाने हृदयाची गती खरोखर मंदावते, म्हणून हा उपाय आईसाठी आहे. त्या वेळी मुलीला ‘दीर्घ श्वास घे’ सांगून उपयोग नाही.

मग एक क्षण येतो. किंकाळीची तार तुटते आणि तिच्या जागी हुंदका येतो. ओवी आईकडे बघते, किंवा रांगत येऊन तिच्या पायावर डोकं घासते. राग ओसरून दुःख वर आल्याची ही खूण. आता उचलायचं, आता हळू आवाजात, संथ लयीत बोलायचं. आपल्याकडचं ‘उगी उगी’ आणि पाठीवरचं थोपटणं इथे उत्तम काम करतं, कारण त्यात अर्थापेक्षा लय जास्त आहे. शब्द वापरायचे तर दोनच वाक्यं: ‘पोळी मोडली. तुला अख्खी हवी होती.’ तिला राग का आला हे तिला कळत नसतं, तिच्यासाठी ते कुणीतरी सांगावं लागतं. शेवटचा हुंदका विरला, अंग सैल झालं की मग दुसरी पोळी आणि सांडलेलं वरण पुसायला हातात फडकं. ताटली फेकायची नाही हे सांगायची वेळ ही. आधी सांगितलेलं सगळं वाया गेलं असतं.

यावर एक आक्षेप हमखास येतो, की असे लाड केले तर मूल डोक्यावर बसेल. पण ओवीला काय मिळालं ते पाहा. मोडलेली पोळी जोडून मिळाली नाही, ती मिळणं शक्यही नव्हतं. बिस्किटाचा पुडा मिळाला नाही, मोबाइल मिळाला नाही, फडकं तर हातात आलंच. तिला मिळालं ते माणूस. नियम जिथल्या तिथे ठेवून जवळ राहणं आणि नियम सोडून देणं यांत आपण गल्लत करतो. रडणं थांबावं म्हणून जी मागणी नाकारली होती तीच शेवटी पुरवली, तर मूल नक्की शिकतं की पुढच्या वेळी आणखी मोठ्याने रडायचं.

आपल्या घरांतले काही जुने उपाय मात्र या कसोटीवर नापास होतात. मूल पडलं की जमिनीला चापट मारून ‘हात रे, जमिनीने मारलं माझ्या सोन्याला’ म्हणणं निरुपद्रवी वाटतं, आणि बहुतेक वेळा असतंही, पण त्यातून दुखलं की कुणाला तरी मारायचं एवढाच उपाय मुलापुढे येतो. ‘बागुलबुवा येईल’, ‘पोलिसाला देईन’ हे जास्त वाईट. मूल गप्प होतं हे खरं, पण आधीच भरून आलेल्या शरीरात भीतीची भर पडून गोठल्याने ते गप्प होतं. शांत झालेलं मूल सैल पडतं, त्याचा श्वास संथ होतो, ते अंगाला बिलगतं आणि थोड्या वेळाने खेळायला लागतं. भ्यालेलं मूल गप्प असलं तरी त्याचे खांदे वर असतात आणि नजर दारावर.

मोबाइल हा या यादीतला नवा बागुलबुवा, फक्त गोड. 2023 साली जेनी रॅडेस्की यांच्या गटाने तीन ते पाच वर्षांच्या मुलांचा काही महिने पाठपुरावा केला. चिडलेल्या मुलाला शांत करायला वारंवार फोन किंवा टॅब दिला जात होता तिथे मुलांची चिडचिड पुढे वाढलेली दिसली. विशेषतः मुलग्यांत आणि मुळातच उसळत्या स्वभावाच्या मुलांत. एखाद्या लांबच्या एसटी प्रवासात फोन हाती दिल्याने कुणाचं काही बिघडत नाही. पण दर वेळी चित्राने लक्ष उडवलं, तर राग चढून उतरण्याचा अख्खा प्रवास मुलाला कधी पुरा करायलाच मिळत नाही.

हा प्रवास शेकडो वेळा कुणाच्या तरी सोबतीने झाला की मग एके दिवशी तो एकट्याने होतो. कसा, याची सगळ्यांत सुंदर मांडणी रशियन मानसशास्त्रज्ञ लेव्ह व्हिगॉट्स्की यांनी केली. त्यांचं म्हणणं असं की मुलातली प्रत्येक वरची क्षमता दोनदा अवतरते, आधी दोन माणसांच्या मध्ये आणि मग मुलाच्या आत. मध्ये एक टप्पा असतो जो आपल्याला ऐकूही येतो. तीन-चार वर्षांची मुलं खेळताना स्वतःशी मोठ्याने बोलतात. ठोकळ्यांचा मनोरा कोसळतो आणि मूल आईच्याच सुरात म्हणतं, ‘असूदे, पडला, परत करू.’ हीच आईकडून उसनी घेतलेली वाक्यं. पुढे ती कुजबुजीत जातात आणि सातव्या-आठव्या वर्षापर्यंत बहुतेक आत बोलली जातात. म्हणून या वयात मुलाला सांगायचं वाक्य निवडताना एक साधी कसोटी लावावी, की हे वाक्य त्याने पुढे स्वतःला म्हणावं असं आपल्याला वाटतं का. ‘रडूबाई कुठली’ या कसोटीवर टिकत नाही.

एवढं वाचून एखादी दमलेली आई म्हणेल, की रोज संध्याकाळी इतकं शांत राहणं माणसाच्या हातचं नाही. तसं ते नाहीच, आणि लागतही नाही. एडवर्ड ट्रॉनिक यांच्या 1970च्या दशकातल्या ‘स्टिल फेस’ प्रयोगाची चित्रफीत अनेकांनी पाहिली असेल. आई बाळाशी खेळता खेळता दोन मिनिटं चेहरा निर्विकार करते. बाळ आधी हसून, बोट दाखवून तिला परत आणू पाहतं, मग तोंड फिरवतं, शेवटी कोलमडतं. ती पाहून पालक हादरतात. पण त्याच ट्रॉनिक यांचं दुसरं निरीक्षण त्यामानाने कमी लोकांना ठाऊक आहे. सर्वसामान्य, चांगल्या जोड्यांतही आई आणि बाळ यांचा सूर जुळलेला असण्याचा वेळ साधारण 30 टक्केच असतो. उरलेला वेळ चुकामूक आणि ती दुरुस्त करणं यात जातो. आई हसते तेव्हा बाळ दुसरीकडे बघतं, बाळ बोलावतं तेव्हा आई उलथणं शोधत असते, आणि काही सेकंदांत दोघं परत भेटतात. तुटलेलं पुन्हा जुळतं हा विश्वास बाळाला या दुरुस्तीतूनच येतो. तेव्हा ओवीवर आई ओरडली तर दहा मिनिटांनी तिला जवळ घेऊन ‘मी ओरडले, तू घाबरलीस, पोळीवरून मला राग आला होता’ असं म्हणणं हेही त्याच कामाचा भाग आहे. लांबलचक माफीनामा नको, त्याचं ओझं पुन्हा मुलावरच पडतं.

आणि हे काम एकट्या आईचं मानणं ही तर शुद्ध चूक. कुरोदांचा पाच मिनिटांचा उपाय बाबाच्या, आजोबांच्या, पाळणाघरातल्या मावशींच्या पायांनीही चालतो. घरात दोन मोठी माणसं असतील तर एक ठराव आधीच करून ठेवावा. ‘घे जरा’ असं म्हटलं की दुसऱ्याने कारण न विचारता मूल घ्यायचं. एकट्याने सांभाळणाऱ्या माणसाच्या हाताशी दुसरं कुणी नसतं. अशा वेळी संयम सुटतोय असं वाटलं की रडणारं बाळ पाळण्यात उताणं ठेवून, दार ओढून, पाच-दहा मिनिटं बाल्कनीत उभं राहिलेलं कधीही बरं. तेवढ्या रडण्याने बाळाला इजा होत नाही. रागात गदागदा हलवण्याने मात्र तान्ह्याच्या मेंदूत रक्तस्राव होऊ शकतो, आणि तसं घडतं ते बहुधा न थांबणाऱ्या रडण्याच्या वेळीच. बाळाकडे पाहून काहीच वाटत नाही, झोप उडाली आहे, सतत रडू येतं, असं बाळंतपणानंतर दोन आठवडे उलटूनही चालू असेल तर ते प्रसूतीनंतरचं नैराश्य असू शकतं. त्यावर उपचार आहेत. सरकारच्या टेलि-मानस सेवेचा 14416 हा क्रमांक रात्रंदिवस चालू असतो आणि तिथे मराठीत बोलता येतं.

काही वेळा प्रश्न शांततेचा नसतोच. तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला 100.4 फॅरनहाइट किंवा जास्त ताप, हिरवी उलटी, दूध ओढणं बंद, किंवा नेहमीपेक्षा वेगळी, कर्कश तार लागलेलं रडणं, यात चालत बसू नये, डॉक्टरांकडे जावं. मोठ्या मुलांसाठी अमेरिकेतल्या अँडी बेल्डन आणि जोन लुबी यांनी 2008 साली काही खुणा सांगितल्या. तीन ते सहा वर्षांच्या मुलाचं आकांडतांडव बहुतेक वेळा 25 मिनिटांहून जास्त चालत असेल, त्यात ते स्वतःला चावत, डोकं आपटत असेल, निम्म्याहून अधिक वेळा सांभाळणाऱ्यावर किंवा वस्तूंवर तुटून पडत असेल, किंवा दुसऱ्या कुणी आवरल्याशिवाय कधीच थांबत नसेल, तर बालमानसतज्ज्ञाला दाखवावं.

हे उसनं घेणं किती वर्षं चालतं, याचं एक नेमकं उत्तर मिनेसोटा विद्यापीठातल्या कॅमेलिया होस्टिनार आणि मेगन गनर यांनी 2015 साली दिलं. त्यांनी 9-10 वर्षांच्या आणि 15-16 वर्षांच्या मुलांना परीक्षकांसमोर भाषण करायला सांगितलं. काहींना तयारीसाठी आई किंवा वडील सोबत दिले, काहींना अनोळखी माणूस. लहान मुलांत पालक शेजारी होते तेव्हा कॉर्टिसॉल हे ताणाचं संप्रेरक वाढलंच नाही. पंधरा-सोळाच्या मुलांत पालक असोत वा परके, ते सारखंच वाढलं. तेव्हा चौथीतल्या मुलाच्या वक्तृत्व स्पर्धेला रजा टाकून गेलात तर त्याचा उपयोग लाळेत मोजता येईल इतका होईल. दहावीच्या तोंडी परीक्षेला शाळेच्या फाटकाशी उभं राहायचं असेल तर अवश्य राहा, पण ते बहुधा स्वतःसाठी.